चिनी कीबोर्डवर ‘सांगली’ टाइप केलं तर काय दिसतं?

मोबाइलमध्ये चिनी भाषेचा कीबोर्ड जोडा आणि त्यावर इंग्रजी अक्षरांत `sangli` टाइप करा. वर सुचवलेल्या शब्दांच्या यादीत 丧礼 असा एक शब्द दिसेल. त्याचा उच्चार जवळजवळ ‘सांग-ली’ असाच आहे. अर्थ आहे अंत्यसंस्कार.

आता `satara` टाइप करा. कीबोर्ड गोंधळतो. चिनी भाषेत ‘रा’ असा उच्चारच नाही, त्यामुळे या अक्षरांतून कुठलाही शब्द जुळत नाही. चिनी माणसाला ते लगेच परदेशी नाव म्हणून कळतं आणि तो पुढे जातो.

एकमेकांना लागून असलेले दोन जिल्हे, पण चिनी कानाला एक नाव निरुपद्रवी आणि दुसरं थेट स्मशानात नेणारं. यात सांगलीचा काही दोष नाही. हा दोन भाषांमधला निव्वळ योगायोग आहे. पण समजा कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याने रक्तदाब मोजायचं यंत्र बनवलं, खोक्यावर आपल्या गावाचं नाव छापलं आणि ते चीनमध्ये विकायला पाठवलं, तर हा योगायोग फार महाग पडेल. आजारी आईसाठी यंत्र घ्यायला आलेला मुलगा खोक्यावर ‘अंत्यसंस्कार’ वाचून ते खाली ठेवेल.

म्हणून उत्पादनाचं नाव आणि घोषवाक्य चिनीत नेताना भाषांतर करत नाहीत. ते नव्याने घडवतात. या कामाला ट्रान्सक्रिएशन म्हणतात. ते कसं चालतं, हे आपण याच कल्पित ‘सांगली’ रक्तदाब यंत्राच्या उदाहरणातून पाहू.

नुसता उच्चार लिहिता येत नाही

मराठीत कुठलंही परदेशी नाव आपण देवनागरीत लिहून टाकतो. ‘टोयोटा’ लिहिलं की झालं. ‘टो’ला वेगळा अर्थ नसतो. चिनीत ही सोय नाही. तिथे प्रत्येक उच्चारासाठी एक अक्षर निवडावं लागतं आणि जवळपास प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असतो. म्हणजे परदेशी नाव चिनीत लिहिलं की त्याला आपोआप काहीतरी अर्थ चिकटतो. तुम्ही तो विचार करून निवडला नाही, तर तो नशिबाने येईल तसा येतो.

दुसरी अडचण अशी की चिनी भाषेत उच्चार फार थोडे आहेत. प्रमाण चिनीत सूर सोडून मोजले तर सुमारे ४०० उच्चार होतात, आणि सूर धरून सुमारे १,३००. अक्षरं मात्र हजारो आहेत. त्यामुळे एकाच उच्चाराची अनेक अक्षरं असतात. लिहिल्यावर ती वेगळी दिसतात, पण फोनवर किंवा दुकानात बोलताना सारखीच ऐकू येतात.

सूर म्हणजे काय? आपण ‘हो?’ असं विचारतो तेव्हा आवाज वर जातो आणि ‘हो!’ असं ठासून सांगतो तेव्हा खाली येतो. मराठीत त्याने भाव बदलतो, शब्द तोच राहतो. चिनीत शब्दच बदलतो. प्रमाण चिनीत असे चार सूर आहेत. पहिला सपाट, दुसरा चढता, तिसरा खाली दबलेला, चौथा झटक्यात उतरणारा. ‘चार’ या आकड्याचा उच्चार चौथ्या सुरात होतो आणि ‘मरण’ या शब्दाचा तोच उच्चार तिसऱ्या सुरात. म्हणून चीनमध्ये बऱ्याच लोकांना चार आकडा नको असतो आणि काही इमारतींत चौथा मजलाच नसतो. रुग्णालयात वापरायच्या यंत्राला ‘मॉडेल ४’ म्हणायच्या आधी हे लक्षात घ्यावं लागतं.

इथे मराठी माणसाला एक फायदाही आहे. चिनीत ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’, ‘क’ आणि ‘ख’ हे वेगळे उच्चार आहेत, अगदी आपल्यासारखेच. पण रोमन लिपीत ते लिहिताना ‘प’साठी `b`, ‘त’साठी `d` आणि ‘क’साठी `g` वापरतात. जो फक्त रोमन अक्षरं वाचतो, तो फसतो. नकाशांत साताऱ्याचं चिनी नाव 萨塔拉 असं लिहितात. त्याचा उच्चार ‘सा-था-ला’ होतो. ‘ता’चा ‘था’ झाला, कारण नाव कानाने ऐकून नाही, इंग्रजी स्पेलिंगवरून उतरवलं गेलं. म्हणून पहिला नियम असा की चिनी नाव घडवणाऱ्याला मूळ नाव कागदावर पाठवायचं नाही. मराठी माणसाने बोललेलं रेकॉर्डिंग पाठवायचं.

कोटणीसांचं चिनी नाव

महाराष्ट्रातल्या एका नावाचं असं रूपांतर फार सुंदर झालेलं आहे. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस तिथेच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२व्या वर्षी त्यांचं चीनमध्येच निधन झालं. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला.

‘कोटणीस’ जसंच्या तसं चिनीत उतरवलं तर चार तुकड्यांचं लांबलचक नाव होतं. चिनी माणसाचं नाव साधारण दोन-तीन अक्षरांचं असतं, त्यामुळे चार अक्षरी नाव ऐकताच परकं वाटतं. शेवटी रूढ झालं ते 柯棣华, उच्चार ‘ख ती-ह्वा’. पहिलं अक्षर हे चीनमधलं खरंखुरं आडनाव आहे. दुसरं एका फुलझाडाचं नाव आहे आणि जुन्या साहित्यात ते भावाच्या अर्थानेही येतं. तिसरं अक्षर ‘ह्वा’ म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हे ‘ह्वा’ जोडलं गेलं. पुढे कोटणीसांच्या मुलाचं नाव ‘यिन-ह्वा’ ठेवलं गेलं. त्यात ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन.

या नावात मूळचा ‘णीस’ गेला, पण सुरुवातीचा ध्वनी राहिला, अक्षरांचा अर्थ चांगला आला आणि नाव चिनी नावासारखं आटोपशीर झालं. आजही कंपन्यांची नावं याच तीन गोष्टींचा तोल साधून घडवली जातात. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या मेडट्रॉनिकचं चिनी नाव 美敦力 आहे, उच्चार ‘मेइ-तुन-ली’. सुंदर, सच्चा आणि बळ असे तीन अर्थ त्यात आहेत. कॉन्टॅक्ट लेन्स बनवणारी बॉश अँड लोम्ब चीनमध्ये 博士伦 म्हणून ओळखली जाते. त्यातली पहिली दोन अक्षरं मिळून ‘डॉक्टरेट मिळवलेला विद्वान’ असा अर्थ होतो. ध्वनी मूळ नावाच्या जवळ आणि शिवाय डोळ्यांसमोर चष्मेवाला प्राध्यापक!

‘सांगली’चं काय करायचं?

आता आपल्या कल्पित यंत्राकडे येऊ. घरी वापरायचं, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणारं साधं यंत्र आहे. नाव ‘सांगली’.

पहिला पर्याय म्हणजे नकाशातलं नाव, 桑格利. उच्चार ‘सांग-क-ली’. अक्षरांचे अर्थ तुती, चौकट आणि लाभ. कागदावर यात काहीच वाईट दिसत नाही. तुतीचा पाला तर चिनी औषधांतही वापरतात. पण ‘तुती’ आणि ‘मर्तिक’ या दोन्ही अर्थांच्या ‘सांग’चा उच्चार आणि सूरही अगदी एकच आहे. चीनमध्ये जुनी समजूत आहे की घरापुढे तुतीचं झाड लावू नये. कारण हेच. ज्या भाषेत हा संबंध म्हणीपर्यंत पोहोचला आहे, तिथे रुग्णाच्या उशाशी हे नाव ठेवता येणार नाही. पहिला पर्याय बाद.

दुसरा पर्याय ‘सांग’ऐवजी जवळचा ‘शांग’ घ्यायचा. 尚力, उच्चार ‘शांग-ली’, अर्थ साधारण ‘बळाला मान देणारा’. ऐकायला ठीक वाटतं. पण इथे दोन खड्डे आहेत. हाच ‘शांग’ सपाट सुरात म्हटला तर त्याचा अर्थ जखम होतो, आणि शस्त्राच्या मारक शक्तीला चिनीत जो शब्द आहे त्याच्या शेवटी नेमकं ‘शांग-ली’ येतं. दुसरा खड्डा आणखी खोल आहे. दक्षिण चीन आणि तैवानमधले अनेक लोक बोलताना ‘श’चा ‘स’ करतात. आपल्याकडेही काही बोलींत ‘शाळा’ची ‘साळा’ होते, तसंच. म्हणजे बीजिंगमध्ये ‘शांग-ली’ असलेलं नाव दक्षिणेकडच्या दुकानात पुन्हा ‘सांग-ली’ होणार. ज्यापासून पळालो, तिथेच परत आलो. दुसराही पर्याय बाद.

तिसरा पर्याय शोधताना पहिलं व्यंजन सोडून द्यायचं आणि ‘आंग-ली’ हा यमकाचा भाग धरून ठेवायचा. चिनीत ‘खांग’ असा एक उच्चार आहे, अक्षर 康. आरोग्य या शब्दातलं हे अक्षर. ‘खांग-ली’ ऐकलं की ‘सांगली’ आठवते आणि अर्थाची सुरुवातच आरोग्याने होते. शिवाय `kangli` टाइप केलं तर कीबोर्ड जे शब्द सुचवतो, त्यात ‘पती-पत्नीची जोडी’ असा एक आदराचा शब्दही असतो. घरी वापरायच्या यंत्राला हे शेजारी उलट चांगलंच.

आता ‘ली’साठी अक्षर निवडायचं. 黎 हे अक्षर मोहात पाडतं, कारण ते ‘पहाट’ आणि ‘सामान्य जन’ या शब्दांत येतं. पण त्याचा सूर चढता आहे, आणि त्याच सुरात ‘ली’ म्हणजे सोडून जाणं. ‘आरोग्य सोडून गेलं’ असं ऐकू येईल. याच कारणासाठी चीनमध्ये एक नाशपाती दोघांत वाटून खात नाहीत, कारण ‘नाशपाती वाटणं’ आणि ‘ताटातूट’ यांचा उच्चार एकच आहे. म्हणून उतरत्या सुराचा ‘ली’ घ्यायचा. त्यात 利 म्हणजे लाभ. वाईट नाही, पण नफ्याचा वास येतो. 力 म्हणजे बळ, पण 康力 या नावाची लिफ्ट बनवणारी चिनी कंपनी आधीच आहे. 立 म्हणजे उभं राहणं. ‘आरोग्याने उभा’ हा अर्थ आजारातून सावरणाऱ्या माणसाला जवळचा वाटेल. म्हणून यादीत 康立 पहिलं आणि 康利 दुसरं.

यादीत किमान एक नाव असंही ठेवतात जे ध्वनीचा नादच सोडून फक्त अर्थावर उभं असतं. नेस्लेने तसं केलं. त्यांच्या जर्मन मूळ नावात घरट्याचा अर्थ आहे आणि बोधचिन्हातही घरटं आहे, म्हणून त्यांचं चिनी नाव सरळ ‘पाखराचं घरटं’ असं आहे. उच्चाराशी त्याचा काही संबंध नाही.

मग प्रत्येक नावात काहीतरी वाईट सापडणार नाही का?

सापडणारच. उच्चार इतके थोडे आणि अक्षरं इतकी जास्त, की शोधायला बसलात तर कुठल्याही नावात मरण, रोग किंवा शौचालय सापडेल. नवखा परीक्षक सगळंच बाद करतो आणि काम अडतं. अनुभवी माणूस प्रत्येक दोषाला तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न, सूर तोच आहे का? सूर वेगळा असेल तर धोका कमी, पण शून्य नाही. दुसरा प्रश्न, एकच तुकडा जुळतो की अख्खा शब्द? एका तुकड्याला लोक सहसा हसत नाहीत, पूर्ण शब्द जुळला तर हसतात. तिसरा प्रश्न, वाईट अर्थ याच विषयातला आहे का? ‘मर्तिक’ हा अर्थ चपलेच्या दुकानात कदाचित विनोद ठरेल. दवाखान्यात तो घाव असतो.

‘सांगली’ या तिन्ही प्रश्नांत नापास होते. पहिल्या तुकड्याचा सूर तोच, अख्खा शब्द जुळतो आणि विषय आजारपणाचा. ‘खांग-ली’ मात्र पास होते.

यानंतर परीक्षा कानाची. ज्यांनी नाव लिहिलेलं पाहिलेलं नाही, अशा चिनी भाषकांना ते फोनवर ऐकवतात आणि विचारतात, ‘काय ऐकलंत, लिहा.’ मग विचारतात, ‘या नावाची वस्तू काय असेल?’ ‘नाव आवडलं का?’ हा प्रश्न मुद्दाम टाळतात. परक्या माणसाला कुणी तोंडावर वाईट सांगत नाही, तिकडेही नाही आणि आपल्याकडेही नाही. ऐकणारे वेगवेगळ्या वयांचे आणि प्रदेशांचे असावे लागतात. वय यासाठी की तरुणांच्या इंटरनेटवरच्या बोलीत साध्या शब्दांना नवे अर्थ येतात. प्रदेश यासाठी की ‘श’चा ‘स’ करणारे लोक त्यात हवेतच.

हाँगकाँगमध्ये विकायचं असेल तर तिथल्या कँटोनीज भाषेत वेगळी परीक्षा घ्यावी लागते. अक्षर तेच, पण उच्चार पार बदलतो. तिथे ‘खांग’चा उच्चार ‘होंग’सारखा होतो आणि सांगलीशी असलेलं साम्य संपतं. अर्थ तेवढा उरतो. कँटोनीज लोक उच्चारांबाबत किती हळवे असतात, याचं एक उदाहरण यकृताचं आहे. ‘यकृत’ आणि ‘कोरडं’ यांचा उच्चार तिथे सारखाच आहे, आणि कोरडं म्हणजे खिसा रिकामा. म्हणून बाजारात खायच्या यकृताला ते ‘ओलसर’ या अर्थाच्या शब्दावरून बनलेलं दुसरंच नाव वापरतात.

घोषवाक्याची गोष्ट

समजा खोक्यावर मराठीत लिहिलं आहे, ‘नेमकं माप, निश्चिंत मन.’ याचं शब्दशः चिनी भाषांतर सहज होतं. पण ते दोन ठिकाणी अडतं.

एक म्हणजे ‘नेमकं’. चीनमध्ये वैद्यकीय उपकरणांच्या सर्वसाधारण नावांसाठी १ एप्रिल २०१६ पासून नियम लागू आहेत. त्यानुसार नावात एक मुख्य शब्द आणि त्याचं वर्णन करणारे जास्तीत जास्त तीन शब्द असतात. ‘सर्वोत्तम’, ‘एकमेव’, ‘अचूक’, ‘तात्काळ गुणकारी’ असे शब्द त्यात चालत नाहीत. कंपनीचं नाव किंवा ट्रेडमार्कही चालत नाही. म्हणजे नोंदणीच्या कागदावर यंत्राचं नाव ‘इलेक्ट्रॉनिक रक्तदाबमापक’ एवढंच राहतं आणि ‘खांग-ली’ हे ब्रँड म्हणून वेगळं लावायचं. हा नियम सर्वसाधारण नावाचा आहे, घोषवाक्याचा नाही. पण जो शब्द सरकारला नावात खटकतो, तो जाहिरातीत ठासून वापरणं म्हणजे तपासणाऱ्याला निमंत्रण देणं.

दुसरी अडचण ‘निश्चिंत’. चीनच्या जाहिरात कायद्यात वैद्यकीय उपकरणांच्या परिणामाची किंवा सुरक्षिततेची हमी देणारी विधानं चालत नाहीत. उपकरणाची जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी सरकारी तपासणीतून जावी लागते. ‘हे घ्या आणि काळजी सोडा’ हे हमीसारखंच वाचलं जाऊ शकतं. आणि खरं म्हणजे रक्तदाब मोजल्याने तो कमी होत नाही, हे आपल्यालाही माहीत आहे.

मग मूळ वाक्यातला गाभा कोणता? यंत्र आकडा दाखवतं आणि आकडा कळला की माणसाला आपली स्थिती कळते. चिनीत नेमका यासाठी एक चार अक्षरी वाक्प्रचार आहे, 心中有数. शब्दशः अर्थ ‘हृदयात आकडा आहे’, आणि रोजच्या वापरातला अर्थ ‘आपण कुठे उभे आहोत हे पक्कं ठाऊक आहे’. रक्तदाब यंत्राला याहून नेमका शब्द मिळणं कठीण. हृदयही आलं, आकडाही आला आणि हमी कसलीच दिली नाही. त्याआधी ‘रोज एकदा मोजा’ या अर्थाची चार अक्षरं जोडली की चार-चारचा तोल साधतो, जो चिनी कानाला आपल्या म्हणीच्या यमकासारखा वाटतो. पूर्ण वाक्य होईल 每日一量,心中有数.

आता याचीही तपासणी करू. ‘मोजणं’ या क्रियापदाचा उच्चार ‘ल्यांग’ आहे आणि त्याच सुरात ‘थंड’ हा शब्द आहे. इंटरनेटच्या बोलीत ‘थंड झाला’ म्हणजे ‘संपला’. आपणही मेलेल्या माणसाला ‘गार झाला’ म्हणतो, त्यातलाच प्रकार. तीन प्रश्न विचारा. सूर तोच, पण एकच तुकडा जुळतो, अख्खं वाक्य नाही. शिवाय ‘रक्तदाब मोजणं’ म्हणताना चिनी लोक रोज हाच ‘ल्यांग’ वापरतात आणि कुणाच्या मनात थंड होणं येत नाही. पर्याय म्हणून ‘चाचणी’ या अर्थाचा ‘त्स’ घेतला तर त्याच उच्चारात शौचालयाचा ‘त्स’ येतो! तेव्हा ‘ल्यांग’ राहू द्यावा, पण कानाच्या परीक्षेत त्यावर लक्ष ठेवावं.

नाव तुम्ही दिलं नाही तर बाजार देतो

सगळं जमलं तरी शेवटचा दरवाजा ट्रेडमार्कचा असतो. चीनमध्ये साधारणपणे जो आधी अर्ज करतो त्याचा हक्क आधी. वैद्यकीय उपकरणं ट्रेडमार्कच्या वर्ग १० मध्ये येतात. ‘आरोग्य’ अक्षराने सुरू होणारं सुटसुटीत नाव आपल्याला सुचलं, तर ते आधी कुणालातरी सुचलं असणार असंच धरून चालावं. म्हणून यादीत एक नाही, पाच-सहा नावं ठेवतात आणि शोध घेतल्याशिवाय कुठल्याच नावाची जाहिरात करत नाहीत.

उशीर केला तर काय होतं, हे एका औषधाच्या नावाने दाखवून दिलं आहे. फायझरने व्हायग्रासाठी चीनमध्ये ‘वान-आय-ख’ असं अधिकृत नाव ठेवलं. पण लोकांच्या तोंडी बसलं ते 伟哥, ‘वेइ-क’, म्हणजे ‘थोर दादा’. हे नाव एका चिनी कंपनीने आधीच नोंदवायला टाकलं होतं. फायझरने कोर्टात दाद मागितली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००९ मध्ये फायझर हरली. सगळा देश ज्या नावाने औषध ओळखतो, ते नाव औषध बनवणाऱ्याच्या हातात राहिलं नाही.

आपल्या कल्पित कारखान्याला आणखी एक गोष्ट विसरता येणार नाही. खोक्यावर चिनी अक्षरांत ‘खांग-ली’ छापलं आणि शेजारी इंग्रजीत मूळ `Sangli` तसंच ठेवलं, तर सगळी मेहनत वाया जाईल. चिनी मुलं शाळेत उच्चार शिकतात ते याच रोमन अक्षरांतून. ते ही अक्षरं इंग्रजी म्हणून वाचणार नाहीत, चिनी म्हणूनच वाचतील, आणि फोनवर टाइप केली की कीबोर्ड पुन्हा तोच शब्द सुचवेल. म्हणून चीनला जाणाऱ्या खोक्यावर रोमन नावही बदलावं लागेल. सांगलीचा उल्लेख राहील तो मागच्या बाजूला, उत्पादकाच्या पत्त्यात, जिथे ते गावाचं नाव आहे हे उघड असतं. साताऱ्याच्या कारखान्याला मात्र रोमन नाव बदलायची गरज नाही. त्याला फक्त अर्थ असलेलं चिनी नाव शोधावं लागेल.